मशीन वाजले, पुढे काय?

गोव्यात दारूच्या चाचणीवरचा वाद अपघातानंतर पेटतो, आणि म्हणूनच तो धड होत नाही. मे २०२४ मध्ये वेर्णा औद्योगिक वसाहतीत कामगारांना नेणारी एक खासगी बस रात्रीच्या वेळी रस्त्याकडेच्या झोपड्यांत घुसली. चार मजूर जागीच गेले. चालक प्यायलेला होता, असे पोलिसांनी सांगितले. अशा बातमीनंतर दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, गेटवर मशीन लावा आणि जो सापडेल त्याला त्याच दिवशी घरी बसवा. दुसरा म्हणतो, माणूस ड्युटी संपल्यावर काय पितो हे कंपनीने का बघावे? इथे लग्न आहे, जत्रा आहे, फेस्त आहे, काजूच्या दिवसांत हुर्राक आहे. पहिल्याला चाचणी म्हणजे शिक्षा वाटते, दुसऱ्याला चाचणी म्हणजे आगळीक. चाचणी नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हे मात्र दोघेही विचारत नाहीत.

माझे म्हणणे सरळ आहे. पॉझिटिव्ह निकाल माणसाला त्या क्षणी कामावरून बाजूला करायला पुरेसा आहे. त्याला नोकरीवरून काढायला तो एकटा पुरेसा नाही. या दोन गोष्टींच्या मधे पडताळणी, सुनावणी आणि शिक्षेचे मोजमाप असे टप्पे आहेत. ते गाळले तर निर्दोष माणूस भरडला जातो, आणि खरोखर पिऊन आलेला माणूस कामगार न्यायालयातून मागच्या पगारासह परत येतो. दोन्हीत नुकसान आहे आणि दोन्ही टाळता येतात.

आधी समोरच्यांचा सगळ्यांत भक्कम मुद्दा मान्य करतो. बस, क्रेन, फोर्कलिफ्ट, बॉयलर किंवा फेरीबोट चालवणाऱ्याच्या बाबतीत 'आधी चौकशी, मग कृती' असे म्हणताच येत नाही. वेर्ण्याला जीव गेलेल्या चौघांना कोणत्याही चौकशीचा उपयोग नव्हता. शंका आली की चावी काढून घ्यायची, आणि त्यासाठी पुराव्याची वाट पाहायची नाही. मालकाला हा अधिकार आहे, तसे करणे त्याचे कर्तव्यही आहे. अशा कामासाठी त्याने मोटार वाहन कायद्यापेक्षा कडक मर्यादा ठेवली तरी त्यात गैर नाही. त्या कायद्याच्या कलम १८५ मध्ये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल हा गुन्हा आहे. वैमानिकांसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, ही मर्यादा शून्यावर ठेवली आहे, आणि दाबोळी असो की मोपा, तो नियम कोणी अन्यायाचा म्हणत नाही.

पण त्याच डीजीसीएने पुढची पायरीही लिहून ठेवली आहे, आणि आपल्याकडचे कारखाने नेमकी तीच विसरतात. वैमानिकाची पहिली फुंकर पॉझिटिव्ह आली तर पंधरा ते वीस मिनिटांनी दुसरी चाचणी घ्यायची. मधल्या वेळात त्याला हवे तर तोंड धुऊ द्यायचे, चूळ भरू द्यायची. दुसऱ्या चाचणीआधी यंत्र ठीक चालते आहे का, हे वेगळे तपासून घ्यायचे. ही वीस मिनिटे कशासाठी? श्वासातले अल्कोहोल दोन ठिकाणांहून येऊ शकते. एक, फुप्फुसातून, म्हणजे रक्तातून. दुसरे, नुसत्या तोंडातून. माउथवॉश, खोकल्याचे औषध, होमिओपॅथीचे थेंब, आंबलेले फळ यांचे अल्कोहोल काही वेळ गालांत आणि जिभेवर राहते आणि यंत्राला ते वेगळे ओळखता येत नाही. जुलै २०२५ मध्ये केरळच्या राज्य परिवहन महामंडळाच्या पंदळम डेपोत सकाळी चालक फुंकले आणि यंत्राने त्यांना दारू प्यायलेले ठरवले. त्यांनी खाल्ला होता पिकलेला फणस. खात्री करायला, चाचणीत निर्दोष ठरलेल्या माणसाला तोच फणस खायला दिला, तर तोही पॉझिटिव्ह आला. फणस केरळपेक्षा आपल्याकडे कमी खातात असे कोण म्हणेल?

आता एक प्रसंग तपशिलात घेऊ. प्रसंग कल्पित आहे, पण त्यातले आकडे शरीरशास्त्राचे आहेत. कुंडईच्या एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवणारा माणूस सकाळी सातच्या पाळीला येतो. गेटवर फुंकतो. आकडा येतो २५, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात २५ मिलिग्रॅम. तो म्हणतो, काल रात्री वाड्यावर बारसे होते, एक वाजेपर्यंत घेतली, त्यानंतर थेंब नाही. खरे असेल का? शरीर साधारणपणे तासाला, १०० मिलिलिटर रक्तामागे, १५ मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल जाळते. कोणाचे १० तर कोणाचे २०. काळी कॉफी, लिंबू किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग बदलत नाही. रात्री एकला त्याच्या रक्तात ११५ असेल, तर सहा तासांत ९० कमी होऊन सकाळी सातला २५ उरतात. म्हणजे त्याचे सांगणे आकड्याशी जुळते. आता सात वीसला दुसरी फुंकर घ्या. अल्कोहोल रक्तातले असेल तर आकडा वीसच्या आसपास येईल, कारण वीस मिनिटांत जेमतेम पाच कमी होतात. तो एकदम शून्यावर आला तर पहिला आकडा तोंडातल्या अल्कोहोलचा होता. दोन आकड्यांतला हा फरकच साक्षीदार आहे, आणि एकच फुंकर घेऊन कागद फाडणाऱ्या कंपनीने तो साक्षीदार स्वतःच्या हाताने घालवलेला असतो.

दुसरा आकडा वीस आला आणि माणूस तरीही नाकारतो आहे, तर रक्त तपासणीचा पर्याय त्याला तिथल्या तिथे द्यावा. तो लगेच द्यावा, कारण याच हिशेबाने पावणेनऊपर्यंत रक्तात काहीच उरणार नाही. दोन तास एचआरची वाट पाहत बसवले तर मालकाचा पुरावा जातो आणि कामगाराचा बचावही जातो. रक्त काढताना त्वचा स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची नाही, अल्कोहोल नसलेल्या द्रावणाने पुसायची. नमुना फ्लोराइड घातलेल्या कुपीत घ्यायचा, म्हणजे तो कुपीतच आंबत नाही. शक्यतो दोन कुप्या घ्याव्यात, दोन्हींवर सील आणि त्या माणसाची सही असावी, आणि कुपी कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली याची वेळेसह नोंद असावी. हे सगळे लिहायला लांबलचक वाटते, करायला अर्धा तासही लागत नाही. माझ्या पाहण्यातल्या काही गेटांवर मशीनच्या शेजारीच हँड सॅनिटायझरची बाटली असते. ओल्या हातांवरून उडणारी वाफ यंत्राच्या तोंडाशी गेली तरी आकडा येऊ शकतो. बाटली चार हात लांब ठेवायला काय खर्च येतो?

इथे सावध वाचक म्हणेल, ही फौजदारी खटल्याची भाषा झाली. नोकरीच्या चौकशीला इतका काटेकोर पुरावा लागत नाही. हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. खातेनिहाय चौकशीत 'शंकेपलीकडे सिद्ध' करावे लागत नाही, कोणती बाजू अधिक संभवनीय एवढे पाहिले जाते. पण संभव तरी कशावरून ठरवणार? हा प्रश्न आपल्या शेजारी राज्याने पंचाहत्तर वर्षांपूर्वी सोसलेला आहे. मुंबई राज्यात दारूबंदी लागू असताना, १९५१ मध्ये बेहराम पेसिकाका नावाच्या, प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्याचे काम पाहणाऱ्या गृहस्थाच्या जीपने तीन जणांना धडक दिली. तोंडाला दारूचा वास होता. त्यांनी सांगितले, मी बी. जी. फॉस नावाचे टॉनिक घेतले आहे. त्या टॉनिकात अल्कोहोल होतेच. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५४ मध्ये दारूबंदीखालची त्यांची शिक्षा रद्द झाली, कारण वास निषिद्ध दारूचाच होता हे सिद्ध करणे सरकारचे काम होते. पुढे १९७१ मध्ये बच्चूभाई करयाणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट सांगितले: तोंडाला वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस दारू प्यायलेला होता असा निष्कर्ष काढता येत नाही, रक्त किंवा लघवी तपासायला हवी होती. सुरक्षारक्षकाचा 'वास येत होता' एवढाच शेरा जोडून बडतर्फी करणाऱ्यांना कामगारांचे वकील आजही हाच निकाल दाखवतात.

अमली पदार्थांच्या चाचणीत गोष्ट आणखी अवघड होते, कारण तिथे लघवीतला निकाल 'आत्ता' बद्दल बोलतच नाही. श्वासातले अल्कोहोल या घडीची अवस्था सांगते. लघवीत सापडतो तो गांजाचा शरीराने फोडून टाकलेला अवशेष, नशा उतरल्यानंतरचा. एखाद्या वेळी ओढणाऱ्याच्या लघवीत तो काही दिवस दिसतो, रोज ओढणाऱ्याच्या लघवीत महिनाभरही. म्हणजे सोमवारी पॉझिटिव्ह आलेला माणूस सोमवारी नशेत होता, असे ती पट्टी म्हणत नाही. त्यातही पहिली पट्टी ही चाळणी असते. ती रेणूचा ढोबळ आकार ओळखते, त्यामुळे सर्दीच्या काही गोळ्यांवरही ती अँफेटामाइन दाखवू शकते. खोकल्याच्या औषधातले कोडीन तर खरेच अफूच्या कुळातले. आणि खसखस? शागोतीच्या वाटणात ती सढळ हाताने पडते, आणि तिच्यावर राहिलेल्या अफूच्या चिकाच्या अंशामुळे लघवीत मॉर्फिन खरोखर सापडते. याच कारणाने अमेरिकन सरकारने १९९८ मध्ये आपल्या चाचण्यांतली अफूची मर्यादा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २,००० वर नेली. आपल्या बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पट्ट्यांवर अजून ३०० ची रेघ असू शकते. खरेदी करणाऱ्याने ती कधी वाचली आहे का?

सरसकट सगळ्यांची चाचणी घ्या म्हणणाऱ्यांनी एकदा हा हिशेब करून पाहावा. समजा हजार कामगार आहेत, त्यातले वीस खरोखर सेवन करतात. समजा पट्टी ९५ टक्के अचूक आहे, दोन्ही बाजूंनी. विसांतले एकोणीस सापडतील. उरलेल्या ९८० पैकी पाच टक्के, म्हणजे ४९ जण, काही न करता पॉझिटिव्ह येतील. एकूण ६८ पॉझिटिव्ह, त्यांतले ४९ निर्दोष. पट्टी वाईट नाही. कमी जण दोषी असलेल्या गर्दीत चांगली पट्टीही असेच वागते. म्हणून दुसरी, रेणू नेमका ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवरची पुष्टी ही चैन नाही, त्या ४९ निर्दोषांना वाचवणारी ती एकमेव पायरी आहे. त्यानंतरही डॉक्टरने त्या माणसाला विचारायला हवे: कोणती औषधे चालू आहेत, चिठ्ठी दाखवा. जहाजांवर जाणारे आपले कित्येक तारवटी अशा चाचण्यांतून वर्षानुवर्षे जात आले आहेत. तिथे त्यांना जे मिळते ते कुंडईत का मिळू नये?

आता मालक काय करू शकतो ते पाहू. तो माणसाला त्या पाळीपुरता कामावरून हटवू शकतो, आणि त्याला दुचाकीवरून घरी जाऊ न देता कोणाबरोबर तरी पाठवणे हेही त्याच्याकडेच येते. आरोप गंभीर असेल तर तो चौकशी चालू असेपर्यंत निलंबित करू शकतो. पण निलंबन म्हणजे बिनपगारी वनवास नव्हे. जुना १९४६ चा स्थायी आदेश कायदा असो की २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली औद्योगिक संबंध संहिता असो, स्थायी आदेश, म्हणजे आस्थापनेचे मंजूर सेवानियम, लागू असलेल्या ठिकाणी पहिले ९० दिवस निम्म्या वेतनाइतका निर्वाह भत्ता आणि चौकशी कामगाराच्या दोषाविना लांबली तर पुढे ७५ टक्के द्यावा लागतो. आरोपपत्रात 'मद्यप्राशन केले' एवढे लिहून भागत नाही. तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक, दोन्ही आकडे, साक्षीदार आणि नियमाचे कोणते कलम मोडले, हे सारे लागते. यंत्र शेवटचे कधी कॅलिब्रेट केले याचा दाखला मागायचा हक्क कामगाराला आहे. चाचणी नाकारली तर? धोरणात आधी लिहिले असेल तर नकार हा स्वतंत्र गैरवर्तनाचा आरोप होऊ शकतो, पण हात धरून रक्त काढता येत नाही.

मग शिक्षा. इथे दोन्ही बाजूंना न आवडणारा एक निकाल आहे. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे उत्तर प्रदेशातल्या सशस्त्र पोलिस दलाच्या ट्रकचालकाचे प्रकरण आले. कुंभमेळ्याच्या बंदोबस्तावर जवानांना नेताना त्याचा ट्रक जीपला धडकला, आणि तो दारूच्या अमलाखाली होता. मोठी हानी झाली नाही हा बचाव न्यायालयाने मानला नाही. सुदैवाने वाचले म्हणून गुन्हा लहान होत नाही, असा त्याचा रोख होता. तरीही पंचवीस वर्षांची सेवा लक्षात घेऊन बडतर्फीऐवजी सक्तीची निवृत्ती दिली. जवानांनी भरलेला ट्रक चालवणाऱ्यालाही बडतर्फी जड ठरली असेल, तर रात्रीच्या बारशाचे २५ आकडे घेऊन आलेल्या, गाडीवर न बसलेल्या, आधी कधी तक्रार नसलेल्या फोर्कलिफ्टवाल्याला थेट घरी बसवणे कोणत्या तराजूत बसेल? लेखी ताकीद, चौकशीनंतर शिक्षा म्हणून काही दिवसांचे बिनपगारी निलंबन, काही महिने गाडीवरून दूर ठेवणे, हे सगळे मालकाच्या हातात आहे. दुसऱ्यांदा तसाच आला तर त्याची नोकरी जावी, आणि तेव्हा त्याची बाजू घ्यायला मी जाणार नाही. पहिल्याच वेळी, गाडीवर बसून, लोकांत घुसला असेल तर दुसरी संधीही देऊ नये.

'कंपनी म्हणजे व्यसनमुक्ती केंद्र आहे का?' हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो, आणि तो रास्त आहे. लहान युनिटला उपचाराचा खर्च झेपत नाही. पण उपचाराला सुटी देणे आणि परत घेताना फिटनेस दाखला व स्वच्छ चाचणी मागणे याला खर्च किती? मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना मानसिक आजारांत धरले आहे. एनडीपीएस कायदा सेवनाला शिक्षा सांगतो, तरी त्यातलेच कलम ६४अ स्वतःहून उपचाराला गेलेल्या व्यसनी माणसाला, अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या प्रकरणात, खटल्यातून सूट देते. आणि डीजीसीएचा २०२२ पासूनचा अमली पदार्थांचा नियमही, पुष्टी झालेल्या पहिल्या पॉझिटिव्हला परवाना रद्द करत नाही, व्यसनमुक्तीकडे पाठवतो. दुसऱ्या वेळी तीन वर्षे निलंबन, तिसऱ्या वेळी परवाना कायमचा रद्द. दोनशे प्रवासी घेऊन उडणाऱ्याला जी पहिली संधी मिळते, ती पॅकिंग विभागात खोकी चिकटवणाऱ्याला नाकारायचे कारण मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

चाचणीच्या कागदाने माणूस कसा पुसला जातो हे गोव्याने एकदा जवळून पाहिले आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये म्हापशात डॉमिनिक डिसोझा यांना पोलिसांनी उचलले. ते नियमित रक्तदाते होते, आणि दिलेल्या रक्ताच्या चाचणीत एचआयव्ही आढळला होता. त्यांना कोणी काही समजावून सांगितले नाही. तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधारे त्यांना ६४ दिवस एका जुन्या क्षयरुग्णालयात एकटे ठेवले. नोकरीही गेली. एचआयव्ही हे वर्तन नाही, पिऊन कामावर येणे हे आहे. हा फरक मोठा आहे आणि मी तो पुसत नाही. पण १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका एचआयव्हीबाधित रोजंदार कामगाराच्या खटल्यात जी कसोटी लावली, ती इथेही तंतोतंत लागते: हा माणूस हे काम करू शकतो का, आणि त्याच्या असण्याने इतरांना खरा धोका आहे का? निकालाच्या कागदाने या दोन प्रश्नांना फाटा देता येत नाही. त्याच कारणाने निकाल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे, गेटच्या फलकावर नाव लावणे, पुढच्या मालकाने फोन केला की 'पॉझिटिव्ह आला होता' असे सांगणे हे प्रकार बंद व्हायला हवेत. हे जाणायचा अधिकार ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्यालाच आहे.

सगळ्यांत जास्त अन्याय मात्र जिथे होतो, तिथे यातला एकही टप्पा नसतो. गोव्यातल्या वसाहतींत आणि हॉटेलांत कंत्राटी माणसे भरपूर आहेत. असा माणूस पॉझिटिव्ह आला की त्याला आरोपपत्र मिळत नाही, त्याचा गेटपास काढून घेतात. कंपनी ठेकेदाराला सांगते, उद्यापासून हा नको. ठेकेदार म्हणतो, मी काढलेला नाही, कंपनीने आत घेतला नाही. दुसरी फुंकर नाही, रक्त नाही, भत्ता नाही, सही केलेला कागदही नाही. त्यात नव्या संहितेने स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती ठेवली आहे, आणि आपली बहुतेक युनिट्स त्याहून लहान आहेत. म्हणजे तिथे कामगाराच्या बाजूने जे काही असेल ते कंपनीने स्वतः लिहिलेल्या धोरणातच. म्हणून ठेक्याच्या करारात हे घालून घ्यावे: चाचणी कंपनीच्या गेटवर होत असेल तर दुसऱ्या फुंकरीची, रक्ताच्या पर्यायाची आणि दोन्ही आकड्यांची सही केलेली प्रत त्या माणसाच्या हातात देण्याची जबाबदारी कंपनीचीच राहील, आणि ती प्रत नसेल तर कंपनीला ठेकेदाराकडे त्याचा गेटपास परत मागता येणार नाही. ठेक्यांच्या नूतनीकरणाच्या वेळी हे एक कलम घालायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.